असईच्या लढाईतला वेल्स्ली तेव्हा नक्की कोण होता? लष्करी अधिकाऱ्याचा हुद्दा, नेमणूक आणि तारखा गॅझेट व मस्टर रोलवरून कशा पडताळायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोकरदनजवळच्या असईला २३ सप्टेंबर १८०३ ला लढाई झाली, शिंदे-भोसल्यांचं सैन्य एकीकडे आणि ब्रिटिश सेनापती आर्थर वेल्स्ली दुसरीकडे. या माणसाला कुणी कर्नल लिहितं, कुणी जनरल, कुणी सर, आणि बरेच जण सरळ ड्यूक ऑफ वेलिंग्टन लिहून मोकळे होतात. चारही बरोबर असणं शक्य नाही. म्हणून इथले सगळे प्रश्न याच एका माणसावर घेतलेत. त्याचे कागद भरपूर आहेत, त्यात प्रत्येक प्रकारचा गोंधळ सापडतो, आणि पद्धत एकदा कळली की त्या काळच्या ब्रिटिश राजाच्या फौजेतल्या कुठल्याही अधिकाऱ्याला ती लावता येते.

गॅझेट म्हणजे नक्की कुठलं, आणि त्यात काय मिळतं?

राजाच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांसाठी लंडन गॅझेट. हे १६६५ पासून चालू आहे आणि त्या काळात आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी निघायचं. वॉर ऑफिसकडून, म्हणजे लंडनच्या लष्करी खात्याकडून, बढत्या-बदल्यांची यादी यायची आणि ती त्यात छापली जायची. सगळे जुने अंक thegazette.co.uk वर फुकट बघता येतात.

त्यात मिळतं ते एवढंच की अमुक माणसाला, अमुक पलटणीत, अमुक हुद्दा, अमुक तारखेपासून, आणि बहुतेक वेळा कुणाच्या जागी. तो माणूस त्या पलटणीत प्रत्यक्ष गेला का, लढला का, त्या महिन्यात कुठे होता, यातलं काहीही गॅझेट सांगत नाही. लोक नेमके इथेच घसरतात, गॅझेटमध्ये नाव सापडलं की पलटणीचा सगळा इतिहास त्या माणसाच्या नावावर चढवून टाकतात.

मी thegazette.co.uk वर Wellesley शोधलं, सुरुवातीच्या वर्षांचं काहीच आलं नाही. का?

दोन कारणं आहेत आणि दोन्ही एकदम आडवी येतात.

पहिलं म्हणजे तेव्हा तो वेल्स्ली नव्हताच. घराण्याचं आडनाव वेस्ली असं लिहिलं जायचं आणि त्याने स्वतः १७९८ पासून वेल्स्ली अशी सही सुरू केली. म्हणजे १७८७ च्या पहिल्या कमिशनपासून, अधिकारीपदाच्या पहिल्या सनदेपासून, भारतात येईपर्यंतच्या सगळ्या बढत्या जुन्या आडनावाखाली आहेत. दुसरं कारण छपाईचं. अठराव्या शतकात शब्दाच्या मधला एस लांब काढायचे, तो एफसारखा दिसतो, आणि स्कॅन वाचणारं सॉफ्टवेअर त्याला एफच वाचतं. त्यामुळे शोधताना ही सगळी रूपं टाकून बघा:

```
Wesley
Wefley
Wellesley
Wellefley
```

पलटणीचा आकडाही जुन्या पद्धतीने लिहा, म्हणजे `33rd` नाही तर `33d`, आणि `73rd` नाही तर `73d`. तरीही नाही सापडलं तर नाव सोडून द्या, फक्त तारखेची मर्यादा घाला आणि अंक डोळ्यांनी चाळा. कमिशनची तारीख माहीत असेल तर त्या दिवसापासून पुढचे दोन-तीन महिने बघायचे, अंक लहान असतात आणि वॉर ऑफिसची यादी वेगळी ओळखू येते, त्यामुळे वाटतं तेवढा वेळ जात नाही.

याच्या उलट टोकाची अडचण १८०९ नंतर येते. त्या वर्षी त्याला व्हायकाउंट वेलिंग्टन केलं आणि तिथून पुढे कागदांमध्ये आडनाव जाऊन किताब येतो. किताब मिळालेल्या प्रत्येक अधिकाऱ्याचं असं होतं, म्हणून किताब कधी मिळाला हे आधी शोधायचं आणि मग त्या वर्षाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या नावाने शोधायचं.

एकाच बढतीच्या दोन-तीन तारखा दिसतात. खरी कुठली?

कमिशन ज्या दिवसापासून लागू ती हुद्द्याची तारीख, आणि ज्येष्ठता तिच्यावरच मोजली जाते. यादीच्या डोक्यावर वॉर ऑफिसची तारीख असते, ती वेगळी. आणि अंक छापून आला तो दिवस तिसरा. नोंद करताना तिन्ही लिहून ठेवा, पण हुद्द्यासमोर पहिलीच लिहा.

भारतात असलेल्या अधिकाऱ्यांच्या बाबतीत मात्र चौथी तारीखही लागते, ती म्हणजे बातमी पोचली तो दिवस. वेल्स्ली मेजर-जनरल झाला २९ एप्रिल १८०२ ला. तेव्हा तो म्हैसूर भागात, श्रीरंगपट्टणमला होता, आणि ही बातमी त्याला मिळाली सप्टेंबर १८०२ मध्ये, कारण जहाजाने कागद यायला तेवढे महिने लागायचे. आता समजा तुमच्या हाताला जुलै १८०२ चं एखादं पत्र लागलं आणि त्यात त्याला कर्नल म्हटलंय. पत्र खोटं नाही आणि गॅझेटही चुकीचं नाही. लंडनच्या हिशोबाने तो मेजर-जनरल झालेला होता आणि श्रीरंगपट्टणमला कुणालाच ते माहीत नव्हतं. उलट त्या जुलैच्या पत्रात त्याला मेजर-जनरल म्हटलेलं असेल, तर मी तो कागद नंतरची नक्कल आहे का हे आधी तपासेन.

म्हणजे असईला तो मेजर-जनरल होता, एवढं नक्की ना?

हो. बढती १८०२ ची, बातमी पोचून वर्ष झालेलं, लढाई सप्टेंबर १८०३ ची. त्याला सर म्हणणं चूक, कारण ज्यामुळे नावामागे सर लागतं ती ऑर्डर ऑफ द बाथ मिळाली १८०४ मध्ये. ड्यूक तर तो १८१४ मध्ये झाला, असईनंतर दहा वर्षांहून जास्त काळाने. पाटीवर किंवा लेखात "ड्यूक ऑफ वेलिंग्टनने असई जिंकली" असं लिहायचं असेल तर "पुढे ड्यूक झालेल्या" एवढे तीन शब्द घालाच.

पण मला काही ठिकाणी तो त्या वेळी ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल होता असं दिसलं. मग जनरल कसा?

दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि हा मुद्दा नीट समजून घ्या कारण बहुतेक सगळे वाद इथूनच निघतात.

ब्रिटिश फौजेत माणसाचा एक हुद्दा पलटणीतला असायचा आणि एक फौजेतला. पलटणीतली जागा बऱ्याचदा विकत घेतली जायची, ती एका ठराविक पलटणीत, आणि रिकामी असेल तरच. फौजेतला हुद्दा वरच्या पातळीवर ज्येष्ठतेने मिळायचा, त्याला ब्रेव्हेट म्हणायचे, आणि तो एकट्याला नाही तर एका खेपेत बऱ्याच जणांना मिळायचा. वेल्स्ली ३३ व्या पलटणीत मेजर झाला ३० एप्रिल १७९३ ला आणि त्याच पलटणीत लेफ्टनंट कर्नल झाला ३० सप्टेंबर १७९३ ला. फौजेत तो कर्नल झाला ३ मे १७९६ ला आणि मेजर-जनरल २९ एप्रिल १८०२ ला, पण पलटणीच्या पानावर तो तोपर्यंत लेफ्टनंट कर्नलच राहिला.

हे बघायची सगळ्यात सोपी जागा गॅझेट नाही, तर दरवर्षी छापली जाणारी आर्मी लिस्ट. तिच्यात प्रत्येक पलटणीच्या पानावर नावासमोर दोन रकाने असतात, पलटणीतल्या हुद्द्याची तारीख आणि फौजेतल्या हुद्द्याची तारीख. दुसऱ्या रकान्यात काही असेल तर ब्रेव्हेट आहे असं समजायचं. जुन्या आर्मी लिस्टचे बरेच खंड स्कॅन होऊन फुकट मिळतात, आणि ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये १७५४ पासूनच्या छापील याद्या `WO 65` या मालिकेत आहेत. मी तर सांगेन की आधी आर्मी लिस्ट काढा, तिच्यातल्या तारखा घ्या आणि मग त्या तारखा धरून गॅझेट उघडा. उलटं केलं की निम्मा वेळ सर्चमध्येच जातो.

अजून एक गाठ आहे. १८०६ मध्ये, ३० जानेवारीला, वेल्स्ली "३३ व्या पलटणीचा कर्नल" झाला. तेव्हा तो आधीच मेजर-जनरल होता, मग कर्नल होणं म्हणजे खाली येणं का? नाही. पलटणीचं कर्नलपद हा मानाचा आणि उत्पन्नाचा अधिकार होता, तो जनरल लोकांनाच मिळायचा आणि त्यांना रोजचं कामकाज बघावं लागत नसे. ते पद त्याच्या आधी लॉर्ड कॉर्नवॉलिसकडे होतं, ऑक्टोबर १८०५ मध्ये तो गाझीपूरला वारला म्हणून जागा रिकामी झाली. तर नुसतं कर्नल दिसलं की थांबायचं आणि हा फौजेतला कर्नल, पलटणीचा मानाचा कर्नल, की बोलण्यात कर्नल म्हटलेला लेफ्टनंट कर्नल, हे ठरवूनच पुढे जायचं.

मस्टर रोल कशासाठी लागतो मग?

माणूस त्या तारखेला पलटणीजवळ होता का, यासाठी. मस्टर रोल म्हणजे हजेरीपट, आणि बऱ्याचदा त्याच्याबरोबरच पगारपत्रक बांधलेलं असतं. पगार द्यायचा तर माणूस आहे की नाही हे बघावंच लागतं, त्यामुळे हे कागद खूप भरवशाचे असतात. सुरुवातीला अधिकाऱ्यांची नावं, मग सार्जंट, कॉर्पोरल, ढोलवाले, आणि मग शिपाई. जो हजर नाही त्याच्यापुढे शेरा, म्हणजे रजेवर, आजारी, दुसऱ्या कामगिरीवर, मेला, बदलून गेला वगैरे. पायदळ आणि घोडदळाचे हे कागद ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये `WO 12` मध्ये आहेत, तोफखान्याचे `WO 10` मध्ये. सगळं ऑनलाइन नाही, लंडनमधल्या क्यू भागात हे आर्काइव्हज आहे तिथे जाऊन बघावं लागतं किंवा पैसे देऊन प्रत मागवावी लागते. लंडनकडे कुणी नातेवाईक असतील तर त्यांना पलटणीचा आकडा आणि वर्षं नीट लिहून द्या, `WO 12` मध्ये व्यक्तीच्या नावाची सूची नाही, पलटण माहीत नसेल तर काहीच करता येत नाही.

हजेरीपटाची गरज किती, हे वेल्स्लीच्या पहिल्या सहा वर्षांवरून कळतं. ७ मार्च १७८७ ला तो ७३ व्या पलटणीत एन्साइन झाला, म्हणजे सगळ्यात खालचा अधिकारी. ती पलटण तेव्हा भारतात होती. नुसतं गॅझेट वाचणारा माणूस लिहून टाकेल की वेल्स्ली १७८७ मध्ये भारतात आला, आणि लिहिणारे भेटतातही. प्रत्यक्षात तो आलाच नाही. त्याच वर्षाच्या ख्रिसमसला तो ७६ व्या पलटणीत लेफ्टनंट झाला, ती भारताकडे निघायची होती, तर महिन्याभरात ४१ व्या पलटणीत गेला. नंतर घोडदळात, मग ५८ व्या पायदळात कॅप्टन, मग परत घोडदळात. आणि या जवळजवळ सगळ्या काळात तो डब्लिनला आयर्लंडच्या लॉर्ड लेफ्टनंटकडे, म्हणजे राजाच्या प्रतिनिधीकडे, एड-डी-कँप, म्हणजे दिमतीचा अधिकारी होता, दिवसाला दहा शिलिंग भत्त्यावर. गॅझेटमध्ये पलटणींची रांग लागलीय आणि माणूस एका शहरात बसलाय. भारतात त्याचं पाऊल पडलं फेब्रुवारी १७९७ मध्ये, कलकत्त्याला, ३३ व्या पलटणीबरोबर.

आमच्या माहितीतल्या एकाचे पूर्वज ३३ व्या पलटणीत होते, "वेल्स्लीची पलटण" म्हणून ते असईला लढले असं घरात सांगतात. पडताळता येईल?

येईल, आणि उत्तर बहुतेक त्यांना आवडणार नाही. ३३ वी पलटण असईला नव्हती. तिथे राजाच्या फौजेपैकी ७४ वी आणि ७८ वी हायलँड पलटण आणि १९ वे लाइट ड्रगून हे घोडदळ होते, बाकीचे मुख्यतः मद्रासचे देशी पायदळ आणि घोडदळ. सेनापती ३३ व्या पलटणीचा, पण पलटण त्याच्याबरोबर नव्हती, कारण तोवर तो पलटण चालवत नव्हता तर फौज चालवत होता. ३३ वी श्रीरंगपट्टणमच्या १७९९ च्या मोहिमेत मात्र होती, घरातली आठवण तिकडची असू शकते.

पूर्वज ७४ व्या पलटणीत असतील तर मात्र हजेरीपट जरूर मागवा, त्या पलटणीचं असईला भयंकर नुकसान झालं आणि ते नावानिशी कागदावर उतरलेलं आहे. एक काळजी घ्या. पगाराची तिमाही त्या काळी महिन्याच्या २४ तारखेला संपायची, आणि लढाई आहे २३ सप्टेंबरची, म्हणजे तिमाही संपायला एक दिवस राहिलेला. जखमी होऊन आठवड्याने मेलेला शिपाई पुढच्या तिमाहीत सापडतो. म्हणून दोन्ही तिमाही मागवा. आणि हेही लक्षात असू द्या की हजेरी लढाईच्या मैदानावर घेतलेली नसते, पलटणीत हजर म्हणजे मैदानात होताच असं सिद्ध होत नाही, सामान राखायला किंवा इस्पितळात मागे राहिलेले लोक असतात आणि शेऱ्याचा रकाना वाचल्याशिवाय ते कळत नाहीत.

नेमणुका कुठे सापडतात? श्रीरंगपट्टणमचा कारभार त्याच्याकडे दिला, याचं गॅझेट मिळत नाही.

मिळणार नाही, कारण लंडनहून ती नेमणूक झालीच नव्हती. मे १७९९ मध्ये किल्ला पडल्यावर तिथल्या तिथे सेनापतीने हुकूम काढला. अशा नेमणुका जनरल ऑर्डर्समध्ये असतात, मद्रास सरकारच्या लष्करी कामकाजाच्या वह्यांमध्ये. त्या वह्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत आणि मद्रास सरकारचं दप्तर चेन्नईला तमिळनाडू आर्काइव्हजमध्ये. मुंबई सरकारचे कागद हवे असतील तर मुंबईत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आहे. थोडक्यात, हुद्दा राजा देतो म्हणून तो लंडनला शोधायचा, काम सेनापती किंवा गव्हर्नर देतो म्हणून ते जिथे दिलं तिथल्या दप्तरात.

पण हुकूम निघाला म्हणजे माणूस गेला असंही नाही. १८०१ मध्ये तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या मोहिमेत वेल्स्लीला जनरल बेअर्डच्या हाताखाली दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी नेमलं होतं. तो त्यासाठी मुंबईला आला, तिथे आजारी पडला, आणि मोहीम त्याच्याशिवाय गेली. ज्या जहाजातून तो जाणार होता ते पुढे बुडालं. तो काही आठवड्यांनी म्हैसूरला परतला. हुकूम वाचून कुणी त्याला इजिप्तच्या मोहिमेत घातलं तर ते सरळ चूक, आणि ती चूक पकडायची तर त्याच महिन्यांतली त्याची मुंबईहून लिहिलेली पत्रं बघावी लागतात. माझा नियम असा आहे की नेमणुकीसाठी दोन कागद लागतात, एक हुकूम आणि दुसरा त्याच्यानंतरचा, त्या जागेवरून लिहिलेला, तारीख आणि ठिकाण असलेला. दुसरा नसेल तर "नेमणूक झाली" लिहावं, "काम केलं" लिहू नये.

"लोकल रँक" म्हणजे काय? तो हुद्दा धरायचा का?

ठराविक प्रदेशापुरताच चालणारा हुद्दा. वेल्स्ली लेफ्टनंट जनरल झाला २५ एप्रिल १८०८ ला, आणि ३१ जुलै १८११ ला त्याला जनरल केलं ते फक्त स्पेन आणि पोर्तुगालपुरतं. हाताखालच्या लोकांमध्ये ज्येष्ठतेचा घोळ होऊ नये म्हणून असं करायचे. भारतातल्या अधिकाऱ्यांनाही "फक्त ईस्ट इंडीजमध्ये" असा हुद्दा मिळालेला दिसतो. धरायचा, पण त्या प्रदेशाच्या नावासकट. गॅझेटचं वाक्य शेवटपर्यंत वाचा, ही मर्यादा वाक्याच्या शेपटीला असते आणि नक्कल करताना तीच गळते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी असेल तर?

लंडन गॅझेटमध्ये शोधत बसू नका, त्याचं कमिशन राजाचं नाही, कंपनीचं. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये `IOR/L/MIL` बघा. भरतीच्या वेळचे कॅडेटचे कागद `L/MIL/9` मध्ये, त्यात बाप्तिस्म्याचा दाखला असतो म्हणून जन्माचं वर्षही कळतं. मुंबई फौजेचं `L/MIL/12`, मद्रासचं `L/MIL/11`, बंगालचं `L/MIL/10`. मुंबई सरकारचं स्वतःचं गॅझेट १८३१ पासूनचं आहे, म्हणजे असईच्या काळासाठी ते उपयोगाचं नाही.

आणि शिंद्यांच्या बाजूच्या अधिकाऱ्यांचं? पोहलमन कर्नल होता म्हणतात.

असईला शिंद्यांची कवायती पायदळं चालवणारा अँथनी पोहलमन हॅनोव्हरकडचा. त्याला कर्नल म्हणतात ते बरोबरच आहे, पण तो हुद्दा शिंद्यांच्या चाकरीतला. लंडन गॅझेटमध्ये तो कर्नल म्हणून सापडणार नाही आणि न सापडणं हा तो खोटा असल्याचा पुरावाही नाही. असं लिहिताना "शिंद्यांच्या फौजेत कर्नल" असं पूर्ण लिहा. दरबारच्या सरदारांसाठी तर गॅझेट हा प्रकारच नाही, तिथे सरंजामाच्या यादी, पथकाची हजिरी-गणती, पगाराचा तपशील, असे मोडी कागद बघायचे, आणि त्यातलं बरंचसं पुण्याच्या पेशवे दप्तरात आहे. त्यात हुद्द्यापेक्षा "किती स्वारांचा सरंजाम" ही नोंद महत्त्वाची, माणसाचं वजन त्यावरून कळतं.

हीच पद्धत विसाव्या शतकातल्या भारतीय अधिकाऱ्याला चालेल का?

स्वातंत्र्यानंतरच्या अधिकाऱ्यांच्या नेमणुका-बढत्या भारताच्या राजपत्रात भाग १, विभाग ४ मध्ये येतात, ते संरक्षण मंत्रालयाचं सदर आहे. त्याआधी राजाचं कमिशन मिळालेले भारतीय अधिकारी लंडन गॅझेटमध्ये आणि इंडियन आर्मी लिस्टमध्ये मिळतात. शिपाई, नाईक, हवालदारांची नावं मात्र राजपत्रात बढतीसाठी येत नाहीत, त्यांच्यासाठी रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस, मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगावचं. वारसाने अर्ज करायचा आणि सोबत नंबर द्यायचा, एकाच नावाचे पाटील-शिंदे-जाधव शेकड्यांनी असतात.

शेवटी नोंद कशी लिहून ठेवायची?

प्रत्येक वाक्यामागे कुठला कागद आहे ते त्या वाक्यातच दिसू द्या. असईच्या दिवसासाठी मी असं लिहीन: मेजर-जनरल (फौजेतला हुद्दा, २९ एप्रिल १८०२ पासून, बातमी भारतात सप्टेंबर १८०२ ला), ३३ व्या पलटणीत लेफ्टनंट कर्नल (३० सप्टेंबर १७९३ पासून), पलटण लढाईत नाही, दख्खनमधल्या फौजेचा सेनापती, हे गॅझेटमधल्या बढतीवरून नाही तर मोहिमेच्या हुकुमांवरून आणि त्याच्या स्वतःच्या खलित्यावरून. असईचा खलिता लंडन गॅझेटमध्ये छापून आला तो १८०४ मध्ये, त्यामुळे तिथे लढाईची तारीख खलित्याच्या आतून घ्या, अंकाच्या डोक्यावरून घेऊ नका.